सणाच्या शुभेच्छा : तारीख यंत्राची, जबाबदारी माणसाची

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान दुकानदाराने आपल्या ग्राहकांना सणांच्या शुभेच्छा यंत्रामार्फत कशा पाठवाव्यात, हा आजचा विषय आहे. आम्ही बँकेत कारकून. साहित्य शिकलो, पण पोट भरले ते आकड्यांवर आणि तारखांवर. म्हणून या विषयाकडेही आम्ही तारखेच्या बाजूने पाहणार आहोत. शुभेच्छांचा मजकूर कोणीही चार ओळींत लिहील. मालिका फसते ती बहुधा तारखेवर, आणि त्याहूनही जास्त 'थांब' म्हणायला कोणी नसल्यामुळे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक दुकान डोळ्यांसमोर ठेवू. वह्या, पुस्तके, कंपास, झेरॉक्स असे शाळेजवळचे दुकान. एक भगिनी ते एकट्या चालवतात. वहीत ३४० ग्राहकांचे मोबाईल क्रमांक. सणाच्या दिवशी गिऱ्हाईक समोर असताना ३४० जणांना संदेश पाठवत बसणे त्यांना शक्य नाही. त्यांना वर्षाची मालिका आधीच लावून ठेवायची आहे, म्हणजे त्या त्या दिवशी संदेश आपोआप जाईल. बँकेत ज्याला आम्ही स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. एकदा सांगून ठेवले की ठरलेल्या तारखेला काम होते. पण बँकेत पाच तारीख ही दर महिन्याला पाच तारीखच असते. सणांचे तसे नाही.

पहिले काम म्हणजे सणांचा तक्ता. कागदावर तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात पक्क्या तारखांचे दिवस. १४ एप्रिल, १ मे, १५ ऑगस्ट, २५ डिसेंबर. हे दिवस कधी हलत नाहीत. यंत्रात 'दरवर्षी पाठवा' अशी कळ असते. ती दाबायची ती फक्त या रकान्यासाठी.

दुसऱ्या रकान्यात तिथीचे सण. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून तिथीचा सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातो. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२५ साली तो २ ऑक्टोबरला आला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला. आता समजा, कोणी २०२५ च्या दसऱ्याच्या संदेशावर 'दरवर्षी' ही कळ दाबून ठेवली. तो संदेश २०२६ मध्ये २ ऑक्टोबरलाच जाणार, म्हणजे ऐन पितृपक्षात. यंत्राने सांगितल्याप्रमाणेच केले, पण दुकानदाराचे हसे झाले.

तिथीच्या सणात आणखी एक गुंता आहे. एकच सण दोन ठिकाणी दोन दिवशी पडू शकतो. २०२५ च्या दिवाळीत आश्विन अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी सुरू झाली आणि २१ तारखेच्या संध्याकाळी संपली. उत्तरेकडे बहुतेकांनी २० ला दिवाळी साजरी केली, आपल्या मराठी कॅलेंडरांत लक्ष्मीपूजन २१ ला होते. संदेश पाठवणाऱ्या कंपन्या सणांची तयार यादी देतात. ती दुसऱ्या प्रांताच्या पंचांगावरून केलेली असली तर आपल्या गिऱ्हाइकाला लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा नरक चतुर्दशीलाच मिळतील. म्हणून तयार यादी जशीच्या तशी घेऊ नये. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरशी प्रत्येक तारीख ताडून पाहावी.

आमच्या बँकेत दरवर्षी राज्य सरकारने जाहीर केलेल्या सुट्ट्यांची यादी येते. ती उपयोगी पडते, पण तिच्यावरही डोळे मिटून विसंबू नये. कारण ती सुट्ट्यांची यादी आहे, सणांची नव्हे. २०२५ साली ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरला होती. मुंबई शहर आणि उपनगरांत मात्र ती ८ सप्टेंबरला नेण्यात आली, कारण ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती आणि मिरवणुका पुढे घेण्याचे ठरले होते. सुट्टी अशी हलू शकते, हे तक्ता करताना लक्षात ठेवावे.

तिसऱ्या रकान्यात चंद्रदर्शनाचे सण. यात रमजान ईद सर्वांत अवघड, कारण ती आदल्या संध्याकाळी ठरते. रमजानच्या २९ व्या दिवशी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही तर एक दिवस पुढे. २०२४ साली केरळात ईद १० एप्रिलला झाली आणि महाराष्ट्रात ११ एप्रिलला. या सणाचा संदेश लिहून, मंजूर करून तयार ठेवावा, पण त्याला तारीख देऊ नये. चंद्र दिसल्याचे कळले की माणसाने हाताने तो दुसऱ्या दिवसासाठी लावावा. बकरी ईदचे त्या मानाने सोपे. ती त्या महिन्याच्या दहाव्या दिवशी येते, म्हणून चंद्र दिसल्यावर हाताशी आठ-नऊ दिवस मिळतात.

आपल्या घरचेच एक उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली तो दिवस विजयादशमीचा होता. पुढे तारीख आणि तिथी वेगळ्या झाल्या. दीक्षाभूमीवरचा मोठा मेळा दसऱ्याला भरतो, तर काही घरांत १४ ऑक्टोबर पाळतात. दुकानदाराने कोणत्या दिवशी संदेश पाठवावा? याचे उत्तर कॅलेंडरात नाही. आपल्या गिऱ्हाइकांना विचारूनच ते मिळते.

तक्ता झाला की त्यातून काही दिवस खोडायचे असतात. तयार याद्यांत सण, जयंत्या, पुण्यतिथ्या सगळे एका ओळीत असते आणि प्रत्येकापुढे एकच शब्द, 'हार्दिक शुभेच्छा'. ६ डिसेंबर हा शुभेच्छांचा दिवस आहे काय? तो अभिवादनाचा दिवस आहे. गुड फ्रायडे हा ख्रिस्ती बांधवांचा शोकाचा दिवस. नावात 'गुड' दिसते म्हणून 'हॅपी गुड फ्रायडे' असे संदेश दरवर्षी फिरतात आणि वाचणाऱ्याच्या मनाला लागतात. मोहरमच्या आशुराचेही तसेच. अशा दिवशी दुकानाने गप्प राहावे. दुकान बंद असेल तर तेवढे एका साध्या वाक्यात कळवावे. आमच्या उदाहरणातल्या भगिनींनी तक्त्यात सुरुवातीला एकवीस दिवस लिहिले होते. खोडता खोडता आठ उरले. वर्षाला आठ संदेश माणूस वाचतो. एकवीस पाठवले तर तो वाचणे बंद करतो.

आता संदेश कोणाला पाठवायचा, त्याकडे येऊ. हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे.

यंत्राला ग्राहकांचे गट पाडून देता येतात. ईदचा संदेश या गटाला, नाताळचा त्या गटाला. मग सल्ला देणारे सांगतात, आडनाव पाहा आणि गट पाडा. मित्रहो, आडनावावरून माणूस ओळखण्याचा धंदा काय असतो हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. जाधव, मोरे, कांबळे, गायकवाड यांतले प्रत्येक आडनाव एकाहून अधिक समाजांत आणि धर्मांत आहे. अंदाज चुकला तर ग्राहक दुखावतो. अंदाज बरोबर आला तरी 'दुकानदाराने आपल्याला कोणत्या खणात टाकले' हे त्याला कळतेच. यावर उपाय साधा आहे. बिल करताना विचारावे, "ताई, दुकानातून सणाचा संदेश पाठवला तर चालेल का? कोणकोणते सण?" वहीत क्रमांकापुढे त्यांनी सांगितलेले सण लिहावेत. काही म्हणतील, सगळे पाठवा. काही म्हणतील, एकही नको. 'नको' म्हणणाऱ्याचा क्रमांक यादीतून लगेच काढावा. या विचारण्याला कायद्याचाही आधार आहे, कारण प्रचाराचा संदेश नको असलेल्या माणसाला १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते आणि तक्रारही करता येते. आमच्या ३४० पैकी विचारून झाल्यावर २९० उरले. पन्नास गेले याचे वाईट वाटून घेऊ नये. ते पन्नास संदेश वाचणारच नव्हते.

पुढचा प्रश्न संदेश कशावरून पाठवायचा हा. व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानाची प्रसारण यादी करता येते, पण ज्या ग्राहकाने दुकानाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला असेल, त्यालाच तो संदेश पोचतो. शाळेजवळच्या दुकानाचा क्रमांक किती पालक जतन करतात? म्हणून या दुकानासाठी साधा एसएमएस निवडला. तो साध्या बटणांच्या फोनवरही जातो आणि तारीख-वेळ लावून ठेवता येतो.

एसएमएस निवडला की आठवडे आधी तयारी का करावी लागते, तेही कळते. ट्राय या नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी संदेश पाठवणाऱ्याला टेलिफोन कंपनीच्या संगणकीय नोंदवहीत तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात : दुकान, पाठवणारा म्हणून दिसणारी संक्षिप्त ओळख आणि संदेशाचा मजकूर. दुकानाची नोंदणी पॅन कार्ड आणि दुकानाचे कागद देऊन सुरुवातीला करावी लागते. मजकूर मात्र प्रत्येक नवा संदेश लिहिला की मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकूर आणि प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर यांत फरक पडला तर संदेश वाटेतच अडवला जातो. म्हणजे सणाच्या सकाळी एखादी ओळ सुचली आणि घातली, असे इथे चालत नाही.

मजकूर लिहिताना लांबी मोजावी. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०. आणि यंत्र आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे सुटे मोजते. 'शुभेच्छा' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा, यंत्राला आठ. हा संदेश पाहा :

बुद्ध पौर्णिमेच्या मंगल शुभेच्छा. आज दुकान दुपारी २ पर्यंत उघडे.

यंत्राच्या हिशेबाने मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून हा ६४ भरतो. शेवटी दुकानाचे नाव घालायला सहाच जागा उरल्या, आणि दुकानाचे नाव दहांचे. ७० ओलांडले की संदेशाचे दोन तुकडे होतात आणि पैसेही दोन संदेशांचे लागतात. २९० ग्राहकांना ५८० संदेशांचा खर्च, तोही एका शब्दासाठी. 'मंगल' हा शब्द आणि त्यानंतरची मोकळी जागा काढली की पाच जागा सुटतात, संदेश ५९ वर येतो, आणि एक जागा सोडून दहांचे नाव बरोबर ७० मध्ये बसते. त्या भगिनींना 'मंगल' काढायला जड गेले. आम्ही म्हटले, दुपारी दोनपर्यंत दुकान उघडे आहे ही माहिती काढली तर ज्याला वही हवी आहे तो फुकट हेलपाटा मारील. शेवटी 'मंगल' गेला आणि वेळ राहिली.

आता २०२६ ची बुद्ध पौर्णिमा घेऊन सगळे टप्पे मांडू. ती १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन त्याच दिवशी. तक्त्यात तारखांचा क्रम लावल्याशिवाय ही गाठ दिसत नाही. दोन संदेश सुटे लावले असते तर एका सकाळी एका ग्राहकाला दोन शुभेच्छा गेल्या असत्या. त्याआधी सतरा दिवस १४ एप्रिलचा संदेश आहेच. म्हणून त्या वर्षी १ मेला एकच संदेश ठरवायचा. ज्यांनी बुद्ध पौर्णिमा सांगितली आहे त्यांना वर दिलेला, बाकीच्यांना महाराष्ट्र दिनाचा.

सणाच्या तारखेपासून मागे मोजत यायचे. १५ मार्चपर्यंत तारीख दोन कॅलेंडरांत ताडून पक्की करावी. मार्चअखेर मजकूर लिहून, अक्षरे मोजून मंजुरीला द्यावा. नाकारला गेला तर दुरुस्त करून पुन्हा देण्याइतके दिवस त्यात असतात. १४ एप्रिलची गडबड संपली की चाचणी. हाच मजकूर स्वतःच्या, घरच्यांच्या आणि एका शेजाऱ्याच्या अशा तीन वेगळ्या फोनवर पाठवून पाहावा. मराठीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसली तर पाठवताना युनिकोडचा पर्याय निवडायचा राहिला असे समजावे. २२ एप्रिलच्या सुमारास यादी चढवून वेळ लावावी. प्रचाराचे संदेश रात्री जात नाहीत, सेवा देणारे ते सहसा सकाळी १० ते रात्री ९ या वेळातच सोडतात. म्हणून सकाळी सव्वादहा ठेवावी. वेळ लावताना पडद्यावर AM आणि PM नीट पाहावे. सव्वादहाला PM लागले तर संदेश रात्रीच्या बंदीत सापडतो, आणि 'दुपारी दोनपर्यंत उघडे' असे सांगणारा संदेश दुसऱ्या दिवशी पोचतो.

यानंतरचा टप्पा लोक सहसा गाळतात, आणि आमच्या मते मालिकेचा जीव त्यातच आहे. ३० एप्रिलच्या संध्याकाळी एका माणसाने पडदा उघडून स्वतःला विचारायचे, उद्या हा संदेश जावा का?

२६ डिसेंबर २०२४ च्या रात्री माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचे निधन झाले. सरकारने सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, तो १ जानेवारी २०२५ पर्यंत होता. नववर्षाचे संदेश मात्र दुकानदारांनी कितीतरी आधी लावलेले असतात. यंत्राला दुखवटा कळत नाही. आणि प्रसंग देशाचाच असतो असे नाही. नाक्यावर अपघातात शाळेतले मूल गेले, गल्लीत पाणी शिरले, वस्तीत तणाव झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला आनंदाचा संदेश जाणे म्हणजे दुकानाने गल्लीकडे पाठ फिरवणे होय. म्हणून मालिका लावतानाच तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. संदेश रद्द करण्याची कळ कुठे आहे, ती संदेश जाण्याआधी किती वेळापर्यंत चालते, आणि दुकानदार आजारी असेल तर पासवर्ड कोणाकडे आहे. रद्द करण्याचीही एकदा चाचणी घ्यावी. आपल्याच फोनसाठी संदेश लावावा, रद्द करावा आणि तो खरेच येत नाही ना ते पाहावे.

संदेश गेल्यावर अहवाल येतो. किती पोचले, किती नाहीत. तो वाचायला शिकावे. सगळेच्या सगळे अडले असतील तर बहुधा मजकुरात मंजूर प्रतीपेक्षा एखादे टिंब किंवा मोकळी जागा वेगळी आहे. काहीच अडले असतील तर ते क्रमांक बंद झालेले असतील किंवा त्यांनी प्रचाराचे संदेश बंद केलेले असतील. पुढच्या सणाआधी ते यादीतून काढावेत. पण 'पोचला' म्हणजे 'वाचला' असे नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे. वाचला की नाही ते काउंटरवर कळते. "तुमचा मेसेज आला होता, म्हणून दोनच्या आत आलो," असे एखादा पालक म्हणाला की समजावे.

आमच्या विद्यार्थी मित्रांना शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांना संगणकावर हे सारे तासाभरात लावता येईल. आपल्या वस्तीतल्या एखाद्या दुकानाला ते जरूर लावून द्या. पण लावून दिल्यावर आदल्या संध्याकाळी पडदा कोण पाहणार, त्या माणसाचे नाव तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहूनच घरी जा. ते नाव लिहिलेले नसेल, तर वेळ लावू नका.